धुळीवर सीरम की संध्याकाळचं तोंड धुणं: क्रम कुठे चुकतो

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी साडेसातला ठरलेली गर्दी असते. ऑफिसातून परतणारी मंडळी बाहेर गाडी लावतात, तोंडावरचा स्कार्फ सोडतात आणि काउंटरशी येतात. नाकपुड्यांच्या कडेला काळसर रेघ दिसत असते, कपाळावर हेल्मेटच्या पट्टीची खूण. मग प्रश्न येतो, "ताई, धुळीसाठी ते व्हिटॅमिन सीचं सीरम आहे का?" मी उलट विचारते, "घरी गेल्यावर तोंड किती वाजता धुता?" बहुतेकांचं उत्तर असतं, झोपताना. काहींचं, सकाळी अंघोळीला.

सीरम विकण्यात माझा फायदा आहे आणि मी ते विकतेही. पण ज्याचं संध्याकाळचं धुणंच जागेवर नाही, त्याला आधी हजाराची बाटली देणं म्हणजे पावसात खिडकी उघडी ठेवून फरशी पुसायला फडकं विकण्यासारखं आहे. म्हणून क्रम नीट लिहून काढते. रोज तास-दोन तास दुचाकीवर किंवा बसस्टॉपवर काढणाऱ्या माणसाला समोर ठेवून हे लिहिलं आहे. बंद काचेच्या एसी गाडीत बसून जाणाऱ्यांनी यातलं निम्मं केलं तरी चालेल.

## सुरू करण्याआधी: सीरम काय करतं, काय करत नाही

रस्त्यावर चेहऱ्यावर जे येतं ते एकाच जातीचं नसतं. एक म्हणजे जाड धूळ: माती, खोदकामाचं सिमेंट, टायर आणि ब्रेकची झीज. ही दिसते, खरखरते आणि पाण्याने बरीचशी निघते. दुसरी म्हणजे धुराची काजळी. हवेच्या आकड्यांमध्ये जे पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाइतके किंवा त्याहून बारीक असतात, आणि डिझेलच्या काजळीचे बरेचसे कण तर त्याहूनही लहान. तिसरी गोष्ट वायू: ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड वगैरे.

यातली काजळी सगळ्यात त्रासदायक. धडधाकट त्वचेतून तिचे कण आरपार आत घुसतात असं नाही, वरचा थर त्यांना बऱ्यापैकी अडवतो. पण अर्धवट जळलेल्या इंधनातली काही रसायनं या कणांना चिकटून येतात, आणि ती पाण्यात नाही, तेलात विरघळतात. आपल्या चेहऱ्यावर तेलाचा पातळ थर कायम असतोच. कण त्या थरात बसला की त्याच्या अंगावरचं हळूहळू तेलात उतरतं आणि तेलाच्या वाटेने खाली झिरपतं. खाली गेल्यावर त्वचेच्या पेशी चिडतात, दाह होतो, रंगद्रव्य जास्त तयार होतं. जर्मनीतल्या ४०० वयस्क स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रहदारीची काजळी जास्त असलेल्या भागात राहणाऱ्या स्त्रियांच्या कपाळावर आणि गालांवर रंगाचे डाग सुमारे २० टक्के जास्त आढळले होते.

आता सीरम. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, फेरुलिक आम्ल ही मंडळी त्वचेत तयार होणाऱ्या मोकाट रेणूंना आपला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतात आणि त्या व्यवहारात स्वतः खर्च होतात. म्हणजे ती आग विझवतात, कोळसा उचलत नाहीत. चेहऱ्यावर बसलेला काजळीचा कण सीरम लावल्याने हलत नाही, धुतला जात नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. या सीरमांबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा उन्हाविरुद्धचा आहे. १५ टक्के सी आणि १ टक्का ई या मिश्रणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं की उन्हापासूनचं संरक्षण दुपटीने वाढतं, हे २००५ साली दाखवलं गेलं. प्रदूषणाच्या बाबतीत जास्त काम झालंय ते ओझोनवर: पेशींवर, आणि थोड्या लोकांच्या हातावर सीरम लावून तिथे ओझोन सोडून. तिथे सीरमने खरंच फरक पडला. पण ओझोन गाडीच्या धुरातून थेट निघत नाही. धुरातले वायू आणि ऊन मिळून तो नंतर हवेत तयार होतो, आणि दुपारी जास्त असतो. भर चौकात तर गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, त्यामुळे सिग्नलवर अनेकदा ओझोन कमी आणि काजळी जास्त असते. म्हणजे सीरमने जिथे गुण दाखवलाय तो शत्रू वेगळा, आणि संध्याकाळी सहाला तुमच्या तोंडावर येणारा वेगळा.

म्हणून माझा क्रम असा: आधी संध्याकाळचं धुणं, मग सकाळचं सनस्क्रीन, आणि ही दोन्ही महिनाभर न चुकता झाली तर सीरम.

इशारा: बाटलीवर "अँटी-पोल्युशन" लिहिलं म्हणून काही सिद्ध होत नाही. उन्हासाठी जसा एसपीएफचा आकडा असतो तसा प्रदूषणासाठी सर्वमान्य आकडा अजून नाही.

## टप्पा १: तयारी, घराबाहेर पडतानाच

संध्याकाळचं धुणं सोपं व्हायचं तर त्याची तयारी सकाळी करावी लागते.

१. स्कार्फ दोन-तीन ठेवा. आपल्याकडच्या मुली ज्या पद्धतीने सुती स्कार्फ बांधतात तो जाड धूळ आणि ऊन बऱ्यापैकी अडवतो. बारीक काजळीला तो चाळणीसारखा आहे. अडचण वेगळीच होते: तोच स्कार्फ आठवडाभर वापरला की कालची धूळ आणि घाम आज गालावर घासला जातो. रोज धुतलेला स्कार्फ घ्या. पुरुषांनी तोंडाला बांधायच्या रुमालाचंही तेच करावं.

२. हेल्मेटचं अस्तर. कपाळावर आणि जबड्याशी टेकणारं अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा काढून धुवा. निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घाला आणि ती रोज बदला. कपाळाच्या कडेला ओळीने येणाऱ्या पुटकुळ्यांचं मूळ बऱ्याच वेळा इथे असतं. लोक त्याला प्रदूषण म्हणतात.

३. सकाळचा मलम हलका ठेवा. तेलकट, चिकट क्रीमवर धूळ जास्त चिकटते. चेहऱ्याला खोबरेल चोपडून दुचाकीवर बसलात तर संध्याकाळपर्यंत चेहरा माशा पकडायच्या कागदासारखा होतो.

४. धुण्याचं सामान बाथरूममध्ये, डोळ्यांसमोर. फेसवॉश, साधा मऊ पंचा, आणि बाहेर पडताच हाताला लागेल असं मॉइश्चरायझर. कपाटातून शोधायला लागलं की ते राहतं. हे मी सात वर्षं बघतेय.

तपासणी: हवा खराब आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर आपल्या जवळच्या केंद्राचा निर्देशांक दिसतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत थंड हवा खाली दबून राहते आणि धूर वर जात नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत हेच महिने वाईट. जुलै-ऑगस्टात पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा खालचं सगळं थोडं सैल केलं तरी चालतं.

## टप्पा २: संध्याकाळचं धुणं

वेळ महत्त्वाची. झोपताना नाही, घरी आल्यावर पंधरा मिनिटांत. कारण वर सांगितलं तेच: कणावरचं रसायन तेलात उतरायला वेळ लागतो. साडेसातला घरी येऊन साडेअकराला तोंड धुतलंत तर तुम्ही त्याला आणखी चार तास दिलेत. वर चहा, टीव्ही, मुलांचा अभ्यास या सगळ्यात हात चेहऱ्याला लागतो आणि ते आणखी चोळलं जातं.

१. आधी हात. गाडीचं हँडल, हेल्मेटचा पट्टा, पैसे, सगळं त्या हातांनी हाताळलेलं असतं. हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावायचे नाहीत. केस मागे बांधा, कानामागपर्यंतचा भाग मोकळा ठेवा.

२. नुसतं पाणी, हलकेच. कोमट किंवा साध्या पाण्याचे सात-आठ हबके मारा, चोळू नका. जाड धूळ इथेच निघून जाऊ द्यायची असते. ही पायरी वगळून थेट फेसवॉश चोळला की सिमेंटचे कण त्या फेसात खरवडायच्या कागदासारखे फिरतात. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे.

३. सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तरच तेलाची पायरी. पाणी-रोधक सनस्क्रीन, फाउंडेशन, काजळ असेल तर आधी क्लिन्झिंग बाम किंवा मायसेलर पाणी. बाम लावायचा तर चेहरा कोरडा हवा, म्हणून त्या दिवशी हबके मारल्यावर पंच्याने टिपून घ्या. मग अर्धं मिनिट बोटांनी फिरवून पाण्याने दुधाळ करून काढा. काही लावलेलं नसेल तर ही पायरी सोडा. आधी बाम आणि मग फेसवॉश असं रोज दुहेरी धुवायलाच हवं हा जो समज झालाय तो आपल्या हवेत, तेलकट त्वचेवर ठीक आहे. कोरड्या त्वचेच्या माणसाला त्याने खाज येते.

४. फेसवॉश, शेंगदाण्याएवढा. तळहातावर पाणी घालून आधी फेस करा, मग चेहऱ्याला लावा. घड्याळ लावून ४५ सेकंद ते एक मिनिट. बहुतेक लोक दहा सेकंदांत उरकतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला; तेल सुटायला तेवढा वेळ लागतोच. बोटांच्या टोकांनी, नखांनी नाही.

५. विसरल्या जाणाऱ्या पाच जागा. नाकपुड्यांच्या खाचा, केसांची कपाळावरची कड, कानासमोरचा भाग, हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा बसतो ती जागा, आणि मानेची मागची बाजू. मानेवर काळपटपणा आहे म्हणून येणारे लोक चेहरा चकाचक धुतात आणि मान कोरडीच ठेवतात.

६. भरपूर पाण्याने काढा. वीसेक हबके. केसांच्या कडेला आणि जबड्याखाली फेस राहतो, तिथे बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर अजून आहे.

७. टिपा, पुसू नका. स्वतःचा मऊ पंचा, घरातल्या सगळ्यांचा एकच नॅपकिन नको.

आता बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याबद्दल. सिंहगड रस्त्यावरच्या आणि त्यापलीकडच्या कित्येक सोसायट्यांना हे रोजचं दुखणं आहे. पाणी जड असलं की अंघोळीच्या साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट थर उरतो आणि तो धुतला जात नाही. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो आणि त्वचेचा ५च्या आसपास. त्यामुळे तोंडाला अंघोळीचा साबण आणि वर जड पाणी ही जोडी कोरडेपणाची हमी. यावर उपाय महाग नाही. बिनसाबणाची वडी किंवा साधा, सुगंध नसलेला फेसवॉश घ्या. वेष्टनावर "सिन्डेट" किंवा "सोप-फ्री" असं लिहिलेलं असतं. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी शेवटच्या हबक्यांसाठी बाजूला ठेवलं तरी फरक जाणवतो.

कोळशाचा फेसवॉशही लोक हौसेने मागतात. कोळसा वस्तू शोषून घेतो हे खरं, पण एक मिनिट फेसात असलेला कोळसा आधीच फेसवॉशच्या घटकांनी भरलेला असतो. काळा रंग बघून समाधान मिळतं, एवढंच.

इशारा: धुळीचा चेहरा आहे म्हणून त्यावर डाळीचं पीठ, उटणं, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब किंवा लूफा घासू नका. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर सततच्या घासण्याने काळपटपणा येतो. पाय घासायच्या वज्रीने मान घासून ती आणखी काळी करून घेतलेल्या बाया मी बघितल्यात. उटणं दिवाळीच्या अंघोळीला, वर्षातून चार दिवस, ठीक आहे.

तपासणी: धुतल्यावर दहा मिनिटांनी, काहीही लावण्याआधी, चेहरा हसवून बघा. गाल खेचल्यासारखे वाटले तर फेसवॉश तीव्र आहे किंवा वेळ जास्त झाली. खेचत नसेल पण नाकाच्या खाचेत बोट फिरवल्यावर काळी रेघ येत असेल तर चौथ्या पायरीची वेळ वाढवा. ओल्या कापसाने पुसून "बघा किती घाण निघाली" असा प्रयोग करू नका. त्यावर येणारा पिवळसर-तपकिरी रंग उरलेल्या सनस्क्रीनचा किंवा तेलाचाही असतो, आणि तो बघून माणूस पुन्हा धुवायला जातो.

## टप्पा ३: धुतल्यानंतरची पाच मिनिटं

चेहरा किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेलकट त्वचेला पातळ जेल, कोरडीला सिरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं क्रीम. याला शोभेची पायरी समजू नका. त्वचेचा वरचा थर जेवढा शाबूत, तेवढे उद्याचे कण बाहेर राहतात. प्रयोगशाळेत त्वचेचा वरचा थर चिकटपट्टीने उपटून काढला की तेच कण जास्त आत जाताना दिसतात. दिवसातून चार वेळा फेसवॉश वापरणारा माणूस घरच्या घरी तोच प्रयोग करत असतो.

म्हणून: फेसवॉश दिवसातून एकदा, संध्याकाळी. सकाळी अंघोळीच्या वेळी नुसतं पाणी. त्वचा फारच तेलकट असेल तर सकाळीही एकदा, पण तेवढंच. दुपारी ऑफिसात जाऊन धुवायचंच असेल तर पाणी.

रात्री बाहेर परत जायचं असेल तर आल्यावर पुन्हा फेसवॉश नको. पाण्याने धुवा, टिपा, क्रीम लावा.

## टप्पा ४: सकाळी सीरम, तेही घ्यायचं असेल तर

सीरम संध्याकाळच्या धुण्यानंतर लावायचं नाही का? लावलं तर वाया जाणार नाही. पण उन्हाविरुद्धचं आणि ओझोनविरुद्धचं काम दिवसा असतं, म्हणून त्याची जागा सकाळ.

१. बाटली निवडताना. पुरावा सर्वात जास्त आहे तो एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा, १० ते २० टक्के. २०च्या वर गेल्याने आत जास्त जात नाही. ते आत शिरण्यासाठी द्रावणाचा पीएच ३.५च्या खाली हवा, म्हणून ते थोडं चुरचुरतं. संवेदनशील त्वचेला सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटसारखी सौम्य रूपं मिळतात. चुरचुरत नाहीत, पण त्यांचा पुरावाही तेवढा दणकट नाही. सी अजिबात सोसत नसेल तर ४-५ टक्क्यांचं नायसिनामाइड बघा.

२. आकार. हा हिशेब काउंटरवर मी कागदावर मांडून दाखवते. एक मिली म्हणजे साधारण २० थेंब. एका वेळी ४ थेंब, म्हणजे ०.२ मिली. ३० मिलीची बाटली १५० दिवस चालेल, पण उघडल्यावर तीनेक महिन्यांत शुद्ध व्हिटॅमिन सी खराब व्हायला लागतं. १५ मिलीची बाटली ७५ दिवसांत संपते. लहान बाटली महाग वाटते आणि शेवटी तीच स्वस्त पडते.

३. आधी चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला रोज एक थेंब, तीन दिवस. लाल चट्टा, पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर, तेही पहिले दोन आठवडे एक दिवसाआड.

४. लावताना. चेहरा पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा. चार थेंब तळहातावर घेऊन कपाळ, दोन गाल, हनुवटी, मान. एक-दोन मिनिटं थांबा. एक मिनिट चुरचुरणं चालतं. पाच मिनिटांनंतरही जळजळत असेल तर धुऊन टाका आणि ते सीरम बंद.

५. वर सनस्क्रीन, न चुकता. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, यूव्हीएपासून संरक्षण लिहिलेलं. काजळीतली काही रसायनं ऊन लागल्यावर जास्त विखारी होतात. दोन्ही एकत्र आल्यावरचं नुकसान एकेकट्यापेक्षा जास्त असतं. म्हणजे सनस्क्रीन इथे धुळीविरुद्धही काम करतं. सीरम लावून सनस्क्रीन वगळणं हा उलटा कारभार. वांगाचे डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. दृश्य प्रकाशानेही ते डाग गडद होतात.

तपासणी: बाटलीतलं द्रव पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असावं. केशरी-तपकिरी झालं, चहासारखं दिसलं, की ते गेलं. फेकून द्या. खराब झालेलं सी बोटांना आणि कपाळाच्या कडेला पिवळसर डाग पाडतं आणि लोक समजतात त्वचा काळवंडली. फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात ठेवा. बाथरूमच्या खिडकीत तर मुळीच नको.

## एक माणूस, सहा आठवडे

आमच्या दुकानातल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं उदाहरण. वडगावहून हिंजवडीला दुचाकीने, येऊन-जाऊन अडीच तास. वय तिशीतलं, त्वचा कपाळ-नाकाशी तेलकट, गालांशी कोरडी. तक्रार: कपाळावर पुटकुळ्या, गालांवर खाज, आणि "रंग मेला." तिच्याकडे तीस मिलीचं सीरम होतं, रंगाने जवळजवळ कोरा चहा. दिवसातून तीनदा कोळशाचा फेसवॉश. संध्याकाळी घरी आल्यावर ओल्या वाइपने तोंड पुसायची आणि खरं धुणं अकराला, मुलगा झोपल्यावर.

सुरुवातीला मी तिला काहीच नवं विकलं नाही, एक फेसवॉश सोडून. ते सीरम बंद. साडेसातला दारात आली की हात, हबके, एक मिनिट सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर. मुलाला सांगून ठेवलं, "आईचं तोंड धुऊन झाल्यावर मिठी." स्कार्फ तीन केले, हेल्मेटचं अस्तर रविवारी धुवायचं. सकाळी नुसतं पाणी आणि दोन बोटं सनस्क्रीन.

गालांची खाज आठ-दहा दिवसांत गेली, ती तीनदा धुण्यामुळेच होती. कपाळाच्या पुटकुळ्या तिसऱ्या आठवड्यात कमी व्हायला लागल्या. त्यात अस्तर धुतल्याचा वाटा किती आणि धुण्याच्या वेळेचा किती, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. पाचव्या आठवड्यात तिने स्वतःहून सीरम मागितलं. पंधरा मिलीचं दिलं, एक दिवसाआड. गालावरचे जुने डाग सहा आठवड्यांत गेले नाहीत, आणि जाणारही नव्हते. रंगद्रव्याचे डाग फिकट व्हायला काही महिने लागतात.

## ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात

ओल्या वाइपने पुसणं म्हणजे धुणं नाही. वाइप धूळ उचलते थोडी आणि फिरवते जास्त, शिवाय तिच्यातलं रसायन चेहऱ्यावरच राहतं. प्रवासात पर्याय नसेल तर वापरा, पण घरी आल्यावर पाण्याने धुवा.

दुसरी चूक धुळीच्या चेहऱ्यावरच सीरम लावण्याची. "घरी आले, थकले होते, म्हटलं निदान सीरम तरी लावू." सीरमचा पातळ थर त्या काजळीवरच बसतो आणि ती आणखी नीट पसरते.

वाफ घेऊन "छिद्रं उघडण्याचा" उपद्व्यापही पुष्कळ चालतो. छिद्रांना दारं नसतात. गरम वाफेने गाल लाल होतात आणि वांग असलेल्यांचे डाग गडद होऊ शकतात.

आणि सगळ्यात वाईट: "धुळीने काळी पडले" म्हणून ओळखीच्या कुणाचं तरी क्रीम आणून लावणं. अशा ट्यूबमध्ये अनेकदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड असं तीन औषधांचं मिश्रण असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग पातळ होतो, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केलं की पूर्वीपेक्षा जास्त काळं पडतं. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर अशी ट्यूब मी देत नाही, त्यावरून कितीही वाद झाला तरी.

गालांवर दोन्ही बाजूंना सारखे, नकाशासारखे तपकिरी डाग. मानेच्या मागे मखमलीसारखा जाड काळपटपणा. किंवा सहा आठवडे नीट धुऊनही न हटणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ते धुळीचं काम नाही. पहिल्याला वांग म्हणतात, दुसऱ्यात साखर आणि वजन तपासावं लागतं, तिसऱ्याला औषध लागतं. त्या तिन्हींसाठी माझ्या काउंटरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाचा दरवाजा गाठा, आणि जाताना सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या. चिठ्ठीवरची नावं लोक चुकीची सांगतात, ट्यूब चुकीचं सांगत नाही.